धडा लांबवहीत उतरवताना

मुक्ताच्या पहिल्या तक्त्यात अकरा ओळी होत्या, आणि त्यातल्या नऊ ओळींच्या ‘परिणाम’ रकान्यात एकच वाक्य होतं : महाराष्ट्र राज्याची निर्मिती झाली. पुढे पुढे तिला ते लिहायचाही कंटाळा आला असावा, कारण सहाव्या ओळीपासून खाली नुसत्या ऐजनच्या खुणा होत्या. बेळगावच्या साहित्य संमेलनाचा परिणाम महाराष्ट्राची निर्मिती, नागपूर कराराचा परिणाम ऐजन, फ्लोरा फाउंटनच्या गोळीबाराचा परिणामही ऐजन.

“काकू, धड्यात शेवटी तेच झालंय ना? मग चुकलं कुठे?”

मुक्ता आमच्या शेजारची. मुलुंड पूर्वेला आमच्या इमारतीत, आमच्याच मजल्यावर राहते, मराठी माध्यमात आठवीला आहे. मी बरीच वर्षं शाळेत इतिहास शिकवला, आता घरीच असते, त्यामुळे असले कागद माझ्याकडे येतात. तिला बाईंनी काम दिलं होतं : इतिहासाच्या पुस्तकातला ‘महाराष्ट्र राज्याची निर्मिती’ हा धडा घ्या आणि त्याचा तारीखवार तक्ता करा, कारणं एका रकान्यात, परिणाम दुसऱ्या रकान्यात. काम ऐकायला सोपं आहे. करायला बसलं की पहिल्या दहा मिनिटांतच गाडी रुतते, आणि बहुतेक मुलांची गाडी मुक्ताच्याच ठिकाणी रुतते.

तिचं उत्तर खोटं नव्हतं. चौदा वर्षांची चळवळ अखेर १ मे १९६० ला येऊन थांबते, तेव्हा सगळ्याचाच परिणाम तोच. पण प्रत्येक ओळीला लागू पडणारं उत्तर कुठल्याच ओळीबद्दल काही सांगत नाही. १९४६ चा ठराव आणि १९५५ चा गोळीबार या दोन गोष्टींचा परिणाम एकच असेल तर त्या दोन वेगळ्या ओळींत ठेवायच्या तरी कशाला?

मी तिला तो कागद बाजूला ठेवायला सांगितला आणि खालच्या स्टेशनरीवाल्याकडून एक लांबवही आणवली. दुकानदार उधारी लिहितात तसली. तिची पानं रुंद असतात आणि चार रकाने आखून झाल्यावरही लिहायला जागा उरते. साध्या वहीत चार रकाने आखले की प्रत्येकात दोनच शब्द मावतात, आणि मग मूल दोन शब्दांचीच कारणं लिहितं : ‘लोकांचा असंतोष’, ‘सरकारचं धोरण’. ही सवय निम्मी तरी कागदाच्या रुंदीमुळे लागते, असं माझं मत आहे.

पण वही उघडायच्या आधी चिठ्ठ्या. पाठकोऱ्या कागदाचे तुकडे करायचे, धडा पेन्सिल घेऊन वाचायचा, आणि प्रत्येक घटनेची एक चिठ्ठी करायची. इथे पहिला प्रश्न येतो, घटना कशाला म्हणायचं? मी मुलांना एकच कसोटी देते : कोणीतरी, कुठल्यातरी दिवशी, काहीतरी केलं. ‘१२ मे १९४६ रोजी बेळगावच्या साहित्य संमेलनात संयुक्त महाराष्ट्राचा ठराव झाला’ ही घटना. संमेलनाचे अध्यक्ष ग. त्र्यं. माडखोलकर होते, दिवस ठरलेला, गाव ठरलेलं. पण ‘मराठी भाषकांत एकीकरणाची भावना वाढीस लागली’ ही घटना नाही. ती कोणत्या मंगळवारी वाढीस लागली ते कोणी सांगू शकणार नाही. असली वाक्यं धड्यात भरपूर असतात. ती टाकून द्यायची नाहीत, वेगळ्या गठ्ठ्यात ठेवायची. पुढे तीच कारणांच्या आणि परिणामांच्या रकान्यांत जातात.

मुक्तानं सव्वीस चिठ्ठ्या केल्या. जमिनीवर तारखेप्रमाणे मांडायला घेतल्या आणि वरचा पंखा लागला. मग प्रत्येक वर्षावर एकेक स्टीलची वाटी पालथी ठेवली. १९५५ आणि १९५६ यांना ताटल्या लागल्या, कारण तिथे ढीग होता. हे डोळ्यांनी दिसतं तेव्हा त्याचा उपयोग असतो. धड्यात १९४६ ते १९६० ही वर्षं साधारण सारख्या चालीनं येतात, एका वर्षाला एक परिच्छेद मिळाला की सगळी वर्षं सारखीच वाटतात. जमिनीवर मात्र १९४९ च्या पुढे मोकळी फरशी होती आणि नोव्हेंबर १९५५ ते नोव्हेंबर १९५६ या एका वर्षात निम्म्या चिठ्ठ्या कोंबलेल्या होत्या.

मांडताना अजून एक गोष्ट लक्षात आली. धडा तारखांच्या क्रमानं चालत नाही. कुठल्याच इतिहासाच्या पुस्तकातला चालत नाही. लेखक एक माणूस किंवा एक विषय हाती घेतो, तो संपवतो, आणि पुढच्या परिच्छेदात पुन्हा मागे येतो. वाचताना हे खटकत नाही, तक्ता करताना मात्र त्यातून घोटाळे होतात. मुक्तानं २१ नोव्हेंबर १९५५ च्या मोर्चाच्या चिठ्ठीवर मागे कारण म्हणून लिहिलं होतं : आचार्य अत्रे यांनी ‘मराठा’ दैनिकातून केलेली जागृती. दोन्ही गोष्टी जवळजवळ वाचल्या होत्या, अत्रे चळवळीत होते हेही खरं. पण ‘मराठा’ सुरू झाला १५ नोव्हेंबर १९५६ ला, म्हणजे मोर्चानंतर जवळजवळ वर्षानं. अत्र्यांची लेखणी त्याआधी ‘नवयुग’ साप्ताहिकात चालत होती.

तिथून आमचा पहिला नियम तयार झाला. कारणाच्या रकान्यात लिहिलेल्या प्रत्येक गोष्टीची तारीख, निदान वर्ष, विचारायचं. ती ओळीच्या तारखेच्या आधीची असलीच पाहिजे. परिणामाची तारीख नंतरची असली पाहिजे. इतकी साधी तपासणी आहे ही, पण शंभरातल्या कित्येक चुका तिथेच सापडतात, आणि नुसतं वाचून त्या सापडत नाहीत.

नियम उलटा मात्र वापरायचा नाही. आधी घडलं म्हणून ते कारण ठरत नाही. मुक्तानं नागपूर कराराची ओळ घेतली, २८ सप्टेंबर १९५३, आणि त्याच्या परिणामात लिहिलं : राज्य पुनर्रचना आयोग नेमला गेला. तारखा जुळतात, आयोग डिसेंबर १९५३ मध्ये नेमला, कराराच्या तीनच महिन्यांनी. पण संबंध जुळत नाही. आयोगाचं कारण दक्षिणेत होतं. पोट्टी श्रीरामुलू हे वेगळ्या आंध्रासाठी उपोषण करत १५ डिसेंबर १९५२ ला वारले, त्यानंतर उसळलेल्या क्षोभामुळे १ ऑक्टोबर १९५३ ला आंध्र राज्य वेगळं झालं, आणि एका भाषेला दिलं म्हटल्यावर बाकीच्यांना किती दिवस थांबवणार? म्हणून न्यायमूर्ती फाजल अली यांच्या अध्यक्षतेखाली आयोग आला. मी तिला विचारलं, नागपूर करार झालाच नसता तर आयोग नेमला गेला नसता का? ती थोडा वेळ विचार करून म्हणाली, “नेमला असता.” मग तो परिणाम नाही. तिनं खोडलं.

हा ‘नसता तर’चा प्रश्न मी प्रत्येक जोडीला विचारायला लावते. त्याचं उत्तर नेहमी खात्रीनं देता येतं असं नाही. देता आलं नाही तर पेननं न लिहिता पेन्सिलनं लिहायचं, एवढंच.

आता तारखा. धड्यातल्या सगळ्या तारखा एका जातीच्या नसतात हे मुलांच्या लक्षात येत नाही, आणि मोठ्यांच्याही येत नाही. एखादी गोष्ट जाहीर होते एका दिवशी, ठरते दुसऱ्या दिवशी आणि अमलात येते तिसऱ्या दिवशी. आयोगाचा अहवाल ३० सप्टेंबर १९५५ ला सरकारला सादर झाला आणि १० ऑक्टोबरला लोकांसमोर आला. लोकांच्या संतापाचं कारण लिहायचं तर दुसरी तारीख हवी, कारण जे वाचलंच नाही त्यावर कोणी चिडत नाही. म्हणून आम्ही तारखेपुढे एकेक अक्षर टाकलं : ‘घो’ म्हणजे घोषणा, ‘नि’ म्हणजे निर्णय, ‘अं’ म्हणजे अंमल. दिसायला पोरखेळ आहे, पण याच अक्षरांनी पुढे तिची सगळ्यात मोठी अडचण सोडवली. ते येईलच.

रकाने चारच ठेवले. तारीख, घटना, कारण, परिणाम, आणि अगदी डावीकडे ओळीचा क्रमांक. परिणामासाठी दुसरा नियम : जवळचा परिणाम लिहायचा, शेवटचा नाही. या घटनेनंतर लगेच काय बदललं, कोणी काय वेगळं केलं? तो परिणाम म्हणजे पुढचीच एखादी ओळ असेल तर ती पुन्हा लिहून काढायची नाही, नुसता तिचा क्रमांक टाकायचा. कारणांचंही तसंच. इथे मुलांना पहिल्यांदा कळतं की ‘कारण’ आणि ‘परिणाम’ ही दोन वेगळ्या वस्तूंची नावं नाहीत. सहाव्या ओळीतला परिणाम हाच सातव्या ओळीचं कारण असतो. तीच गोष्ट, फक्त कुठल्या ओळीतून बघतो त्यावर तिचं नाव ठरतं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत मधल्या सहा ओळी अशा झाल्या :

| क्र. | तारीख | घटना | कारण | परिणाम |
|---|---|---|---|---|
| ५ | १० ऑक्टोबर १९५५ (घो) | आयोगाचा अहवाल प्रसिद्ध : मराठवाड्यासह द्विभाषिक मुंबई राज्य, विदर्भ वेगळा | मुंबई कुणाची या वादातून वाट काढणं | महाराष्ट्रात विरोध, काँग्रेसकडून नवा प्रस्ताव (६) |
| ६ | नोव्हेंबर १९५५ (घो) | तीन राज्यांचा प्रस्ताव : महाराष्ट्र, गुजरात, मुंबई वेगळी | ५ ला झालेला विरोध | मुंबईत सभा, संप, मोर्चे (७) |
| ७ | २१ नोव्हेंबर १९५५ | कामगारांचा संप, विधानसभेकडे मोर्चा. फ्लोरा फाउंटनजवळ गोळीबार, १५ मृत्यू | ६. आदल्या दिवशीची चौपाटीवरची सभा | चळवळ चिघळली. लोकांचा सरकारवरचा विश्वास उडाला |
| ८ | १६ जानेवारी १९५६ (घो) | मुंबई केंद्रशासित करण्याची पंडित नेहरूंची घोषणा | ? | मुंबईत उद्रेक, पुन्हा गोळीबार, ९ |
| ९ | ६ फेब्रुवारी १९५६ | पुण्यात संयुक्त महाराष्ट्र समितीची स्थापना | ८. वेगवेगळ्या पक्षांना एकत्र येण्याची गरज | १९५७ ची निवडणूक एकजुटीनं लढवली |
| १० | १ नोव्हेंबर १९५६ (अं) | विशाल द्विभाषिक मुंबई राज्य | ? | महाराष्ट्रात आणि गुजरातेत दोन्हीकडे नाराजी |

सातव्या ओळीवर आम्ही बराच वेळ होतो. तिथे तीन दुरुस्त्या झाल्या. मुक्तानं ठिकाण ‘हुतात्मा चौक’ लिहिलं होतं. साहजिक आहे, ती त्याच नावानं तो चौक ओळखते. पण ते नाव त्या गोळीबाराचाच परिणाम आहे. घटनेच्या रकान्यात त्या दिवशीचं नाव हवं, फ्लोरा फाउंटन. हुतात्मा चौक हे नाव परिणामाच्या रकान्यात जाईल, आणि ते तिथे जास्त शोभतंही. तसंच ‘महाराष्ट्र विधानसभा’ नाही, मुंबई राज्याची विधानसभा. त्या दिवशी महाराष्ट्र राज्य नव्हतंच, मुख्यमंत्री मोरारजी देसाई होते आणि ते ज्या राज्याचे मुख्यमंत्री होते त्यात अहमदाबादही होतं आणि धारवाडही.

दुसरी दुरुस्ती आकड्याची. तिनं ‘१०६ हुतात्मे’ लिहिलं होतं. १०६ हा साऱ्या चळवळीतल्या हुतात्म्यांचा आकडा आहे, कुठे १०५ आणि कुठे १०७ ही सांगतात. त्या एका दिवसाचे पंधरा. एकूण बेरीज एका ओळीत टाकली की जानेवारी १९५६ ची ओळ रिकामी पडते, आणि प्रत्यक्षात सगळ्यात जास्त माणसं त्या जानेवारीच्या आठवड्यात गेली. पाठांतरात हे कधी उघडं पडत नाही, कारण तिथे १०६ हा एक सुटा आकडा असतो. तक्त्यात त्याला एक घर लागतं.

तिसरी दुरुस्ती कारणाची. आदल्या दिवशी, २० नोव्हेंबरला, चौपाटीवर मोरारजी देसाई आणि स. का. पाटील यांची सभा झाली होती. तिथली भाषणं लोकांना झोंबली आणि लोकांनी सभा उधळली. मुक्तानं मोर्चाचं कारण म्हणून फक्त ही सभा लिहिली होती. ती ठिणगी होती हे मान्य. पण एका दिवसात शहरभर संप उभा राहत नाही, त्यासाठी आधीपासून कारखान्यांतून तयारी लागते. तेव्हा कारणाच्या घरात दोन ओळी केल्या. वर मुळातलं कारण, म्हणजे तीन राज्यांचा प्रस्ताव, आणि खाली लगेचचं निमित्त. मराठीत ‘कारण’ आणि ‘निमित्त’ असे दोन शब्द आयते आहेत, आपण ते रोज वापरतो, मग इतिहासाच्या पेपरातच का विसरतो कोण जाणे.

आता आठव्या आणि दहाव्या ओळीतली प्रश्नचिन्हं. ती मी मुद्दाम तशीच ठेवायला लावली.

मुक्ताची मोठी अडचण इथेच होती. १६ जानेवारी १९५६ ला मुंबई केंद्रशासित होणार असं जाहीर झालं. तिच्या डोक्यात ते झालंच होतं. मग १ नोव्हेंबर १९५६ ला मुंबई विशाल द्विभाषिक राज्यात कशी आली? “मधे केंद्राकडून परत कधी घेतली?” असा तिचा प्रश्न. पुढची ओळ मागच्या ओळीशी भांडत होती. अक्षरं बघितल्यावर उलगडा झाला. आठव्या ओळीपुढे ‘घो’ होतं आणि त्याचं ‘अं’ कुठेच नव्हतं. मुंबई केंद्रशासित कधी झालीच नाही. घोषणा झाली, ती अमलात यायच्या आत निर्णय फिरला, आणि ऑगस्टमध्ये संसदेनं जो कायदा केला त्यात द्विभाषिक राज्य होतं. कुठल्याही धड्याच्या तक्त्यात ‘घो’ आहे आणि त्याला ‘अं’ नाही अशी ओळ सापडली की तिथे थांबावं. त्या दोन्हींच्या मधे काहीतरी घडलेलं असतं, आणि बहुतेक वेळा ते धड्यात नसतं.

काय घडलं होतं? मुंबईतला उद्रेक तर होताच. अर्थमंत्री चिंतामणराव देशमुख याच प्रश्नावर केंद्रीय मंत्रिमंडळातून बाहेर पडले. मग बऱ्याच खासदारांनी सह्या करून एकच मोठं राज्य करण्याची सूचना पुढे आणली, आणि सरकारला ती वाट सोयीची वाटली. मुंबई कुणालाच एकट्याला द्यायची नाही, म्हणून दोघांना एकाच घरात ठेवायचं.

दहाव्या ओळीचा परिणाम आणखी अवघड. द्विभाषिक राज्य चार वर्षंही का टिकलं नाही? धडा वाचून याचं अर्धंच उत्तर मिळतं, कारण आपला धडा स्वाभाविकपणे आपल्या बाजूनं लिहिलेला आहे. महाराष्ट्रात विरोध होता, समितीनं १९५७ च्या निवडणुकीत मुंबईत आणि पश्चिम महाराष्ट्रात काँग्रेसला मोठा हादरा दिला. यशवंतराव चव्हाण स्वतः कराडमधून काठावर निवडून आले. पण सरकार काँग्रेसचंच आलं, कारण गुजरात, विदर्भ आणि मराठवाडा इथल्या जागा मिळून बहुमत होत होतं. म्हणजे नुसती मराठी बाजू मांडली तर तक्ता म्हणतो : समितीला जागा मिळाल्या, तरी राज्य मोडायला पुरेशा नव्हत्या. मग १९६० मध्ये ते मोडलं का?

इथे तक्त्यात धड्याबाहेरची एक ओळ घालावी लागते. ८ ऑगस्ट १९५६, अहमदाबाद : द्विभाषिकाच्या निर्णयाविरुद्ध काँग्रेस भवनासमोर जमलेल्या जमावावर, बहुतेक विद्यार्थ्यांवर, गोळीबार. त्यातून इंदुलाल याज्ञिकांच्या नेतृत्वाखाली महागुजरातचं आंदोलन उभं राहिलं. गुजराती लोकांनाही हे एकत्र घर नको होतं. मुक्ताला याचं आश्चर्य वाटलं, कारण तिच्या मनात गोष्ट अशी होती की आपण मागत होतो आणि ते देत नव्हते. ती ओळ मधे घातल्यावर १९६० च्या ओळीचं कारण सरळ झालं. दोन्ही बाजूंना नको असलेलं राज्य चव्हाणांनाही फार काळ चालवता येईना, दिल्लीत इंदिरा गांधी १९५९ मध्ये काँग्रेसच्या अध्यक्ष झाल्यावर प्रश्न पुन्हा उघडला गेला, आणि एप्रिल १९६० मध्ये संसदेनं दोन राज्यांचा कायदा केला. १ मे हा आपल्यासारखाच गुजरातचाही स्थापना दिवस आहे, ही गोष्ट घाटकोपर-मुलुंडच्या मुलांना सोसायटीच्या झेंडावंदनामुळे तशी माहीत असते. ती कारणांच्या रकान्यात मात्र येत नाही.

ही बाहेरची ओळ वेगळ्या शाईनं लिहायची. धड्यातलं काय आणि आपण घातलेलं काय हे उद्या स्वतःलाच कळायला हवं, आणि परीक्षेत लिहिताना तर हवंच.

नागपूर कराराची ओळ उलट्या कारणानं छळते. तिचा जवळचा परिणाम सापडत नाही. करारात विदर्भाला आश्वासनं दिली होती, विधिमंडळाचं एक अधिवेशन दरवर्षी नागपूरला घ्यायचं हे त्यातलं सगळ्यांना माहीत असलेलं. आणि दोनच वर्षांनी आयोगानं विदर्भ वेगळाच ठेवायची शिफारस केली! म्हणजे लगेचचा परिणाम शून्य. करार फळाला आला तो १९६० नंतर, आणि हिवाळी अधिवेशनासाठी मंत्रालयाच्या फायली आजही नागपूरला जातात. अशा ओळीत परिणामाचं घर रिकामं न ठेवता एक लांब बाण काढायचा, पानाच्या कडेनं खाली शेवटच्या ओळीपर्यंत. मुक्ताच्या वहीत असे दोनच लांब बाण आहेत. पाच-सहा झाले असते तर मी समजले असते की पुन्हा ऐजन सुरू झालं.

तारीख नसलेला तो दुसरा गठ्ठा अजून शिल्लक होता. ‘मुंबईतलं भांडवल’, ‘मराठी कामगारांची संख्या’, ‘भाषावार प्रांतांची जुनी मागणी’. ही कारणं खरी आहेत, पण ती एका ओळीची नाहीत, सगळ्या ओळींच्या खालून वाहतात. त्यांच्यासाठी तक्त्याच्या डोक्यावर एक आडवी पट्टी सोडली आणि तिला ‘आधीपासून’ असं नाव दिलं. पट्टीत जागा थोडीच ठेवायची, चार ओळींची, नाहीतर मुलं सगळा धडाच तिथे ओततात.

त्या पट्टीत मी एक गोष्ट घालायला लावली, जी माझ्या मते सगळ्या भांडणाची किल्ली आहे. १९२० मध्ये नागपूरच्या अधिवेशनात काँग्रेसनं आपल्या प्रांतिक समित्या भाषेप्रमाणे करायचं ठरवलं. म्हणून पुढे लोक म्हणू शकले की तुम्हीच हे तत्त्व मान्य केलं होतं. पण त्याच रचनेत मुंबई शहराची समिती महाराष्ट्राच्या समितीपासून वेगळी होती. पस्तीस वर्षांनी मुंबई वेगळी ठेवा म्हणणारे स. का. पाटील याच मुंबई काँग्रेसचे पुढारी. एकाच ठरावातून दोन्ही बाजूंना आधार मिळाला. ‘कारण’ या एका शब्दात हे मावत नाही, म्हणून तिथे आम्ही दोन बाण काढले, एक समितीच्या ओळीकडे, एक तीन राज्यांच्या प्रस्तावाकडे.

मावलं नाही असंही बरंच. अण्णाभाऊ साठे घाटकोपरच्या चिरागनगरात राहायचे, त्यांच्या आणि शाहीर अमर शेखांच्या गाण्यांनी गिरणगावातली मैदानं भरायची. मुक्ता म्हणाली, त्यांना कुठल्या तारखेला टाकू? टाकता येत नाही. गाणं कुठल्या दिवशी परिणाम करतं ते सांगता येत नाही, आणि ‘लोकजागृती झाली’ असं लिहिलं की आपण पुन्हा दोन शब्दांच्या कारणावर येतो. अशा माणसांसाठी वहीचं समोरचं कोरं पान ठेवलं. त्यावर तिनं अण्णाभाऊ, अत्रे, प्रबोधनकार, एस. एम. जोशी, कॉम्रेड डांगे अशी नावं लिहून प्रत्येकाच्या पुढे फक्त ओळींचे क्रमांक टाकले. अण्णाभाऊंच्या पुढे सहा ते शेवटपर्यंत असा कंस आहे.

तक्ता झाला की तो तपासायचा कसा? मी वही मिटते आणि एखाद्या ओळीचं फक्त परिणामाचं घर वाचून दाखवते, घटना कुठली ते मुलानं ओळखायचं. ‘वेगवेगळे पक्ष एकत्र आले’ म्हटलं की मुक्तानं लगेच १६ जानेवारी सांगितलं. ‘लोक चिडले’ म्हटल्यावर तिनं तीन वेगळ्या ओळी सांगितल्या, तेव्हा त्या तिन्ही घरांत पुन्हा लिहावं लागलं. ज्या घरावरून ओळ ओळखता येत नाही, ते घर अजून भरलेलंच नाही.

रविवारी तिनं पक्की प्रत काढली. एकोणीस ओळी झाल्या, सव्वीस चिठ्ठ्यांतल्या सात एकमेकींत मिसळल्या. शेवटी शाईची बाटली बंद करता करता तिनं विचारलं, “काकू, हे सगळं मुंबईवरून चाललं होतं. तेव्हा मुलुंड मुंबईत होतं?”

नव्हतं. महापालिकेची हद्द १९५० मध्ये वाढली ती पश्चिमेला जोगेश्वरीपर्यंत आणि इकडे भांडुपपर्यंत. अंधेरी, घाटकोपर आत आले. मुलुंड आणि बोरिवली पालिकेत आले ते १९५७ मध्ये, दहिसरपर्यंतच्या भागाबरोबर. म्हणजे २१ नोव्हेंबर १९५५ ला ज्या शहरासाठी मोर्चा निघाला, त्याची हद्द आमच्या अलीकडेच, भांडुपला संपत होती.

तिनं बाटली पुन्हा उघडली. दहाव्या ओळीच्या खाली जागा नव्हती, म्हणून कागदाची एक पट्टी कापून कडेला चिकटवली आणि त्यावर वेगळ्या शाईनं लिहिलं : १९५७ (अं), मुलुंड व बोरिवली मुंबई महापालिकेत. कारणाच्या घरात पेन्सिलनं एक प्रश्नचिन्ह टाकलं आणि परिणामाच्या घरात लिहिलं, ‘आम्ही’.